ओठांवर बसलेलं वाक्य

ताईचा पुढचा दात पडला नव्हता, पाडला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात बरीच वर्षं "पडला" असंच म्हणत असत. विहिरीच्या पायरीवर पाय घसरला म्हणे. आमच्या वटार गावच्या विहिरीवर ताई लहानपणापासून डोळे मिटून उतरत होती. वसईला सासरी गेल्यावर त्याच पायांना घसरायची सवय लागली काय?

भाऊजींनी पितळी तांब्या फेकून मारला होता. कारण विचाराल तर मला आठवत नाही आणि त्यांनाही आठवत नसेल. कधी भात मऊ, कधी सदऱ्याला बटण नाही. त्या माणसाला कारण लागत नसे, हात लागे.

आणि या माणसाचा आवाज मात्र देवाने काय दिला होता! खर्जातला, भरदार, मधाचं बोट लावल्यासारखा. नाटकात उभे राहिले तर शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा कानावरचा हात काढी. नाटकं कमी झाली तसे ते जाहिरातींच्या चित्रपटांकडे वळले. सिनेमागृहात मुख्य खेळाआधी दाखवतात त्या दीड-दोन मिनिटांच्या जाहिराती. त्या एकदाच, बहुधा हिंदीत, चित्रित होत आणि मग त्याच चित्रावर मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू, बंगाली असे आवाज चढवले जात. चित्र एक, तोंडं तीच, बोली वेगळी. मुंबई राज्य अजून अखंड होतं, त्या काळातली ही गोष्ट.

भाऊजी मराठीचं भाषांतर करायचे, पुरुषाचा आवाज द्यायचे आणि बाईच्या आवाजासाठी ताईला न्यायचे. घरची बाई, म्हणजे वेगळे पैसे द्यायला नकोत. तिसरा आवाज लागला की मला. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं आणि तोंड फटकळ होतं. तिन्हीपैकी शेवटचं अजून आहे.

त्या वेळची जाहिरात होती डोकेदुखीच्या मलमाची. तिची गोष्ट ऐका आणि मग मला सांगा की माझा संताप अस्थानी होता का. नवरा कामावरून येतो. डोकं ठणकत असतं. बायको ताट वाढते. तो ताट भिरकावतो, हात उगारतो. बायकोचा चेहरा मोठा दिसतो, डोळ्यांत पाणी. ती म्हणते, "गलती मेरी थी." तो ओरडतो, "मेरा सर फट रहा है!" तेवढ्यात शेजारीण मलमाची बाटली घेऊन येते. मलम चोळलं की नवरा हसतो, बायको हसते, शेजारीणही कशाला कोण जाणे हसते. थोडक्यात, हात उठतो तो डोकं दुखतं म्हणून. बाटली घ्या, संसार वाचवा.

भाषांतराचा कागद वाचला तेव्हा मी ताईला म्हटलं, "तुझ्या घरी ही बाटली पिंपाने लागेल."

ती हसली नाही. हसली की दाताची फट दिसे, म्हणून तिने हसणंच सोडलं होतं. ओठ मिटूनच ती म्हणाली, "हळू बोल, ते ऐकतील."

स्टुडिओ अंधेरीच्या पुढे, एका जुन्या बंगल्यात होता. भिंतींना गोणपाट आणि काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या. पंखा लावायचा नाही, त्याचा आवाज येतो. खिडकी उघडायची नाही, कावळे येतात. घामाच्या धारा लागत. समोर पडदा, मध्ये एक माइक आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. बाजूच्या टेबलावर आवाज काढायचं सामान मांडलेलं असे. काचेची बाटली, बांगड्या, एक फळकुट आणि या जाहिरातीसाठी मुद्दाम आणलेली जड पितळी थाळी.

काम कसं चालतं ते सांगते. चित्रपटातला छोटा तुकडा कापून त्याची दोन्ही टोकं जोडतात, म्हणजे तो यंत्रावर गोल गोल फिरत राहतो. त्याला लूप म्हणत. फिल्मवर पेन्सिलने एक तिरकी रेघ ओढलेली असते. पडद्यावर ती रेघ एका कडेकडून सरकत येते आणि दुसऱ्या कडेला टेकली, की तुमचं वाक्य सुरू व्हायला हवं. आधी नाही, नंतर नाही. तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बोलून बोलून वाक्य चित्रातल्या ओठांवर बसेपर्यंत. पूर्वी म्हणे आवाज सरळ फिल्मवरच उतरवत आणि चुकलं की फिल्म फुकट. आता चुंबकी फीत आली होती. चुकलं तर पुसा आणि तिथल्या तिथे ऐकून बघा. त्यामुळे लूप आणखीच जास्त वेळ फिरायला लागले.

आमच्या वाट्याला आलेला लूप होता ताट भिरकावण्याचा. दिवसभर अंधाऱ्या खोलीत एक माणूस ताट फेकत होता, हात उगारत होता, एक बाई मान आत घेत होती. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ताई त्याच्यासमोर उभी आणि तिच्या खांद्याला खांदा लावून भाऊजी. पडद्यावरचा हात वर गेला की ताईची मान दर वेळी जराशी आत जाई. पडद्यावरच्या बाईबरोबर, अगदी वेळेवर. असलं वेळेचं भान कुठे शिकवत नाहीत.

दिग्दर्शक कलकत्त्याचे. हिंदी तोडकंमोडकं आणि मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण डोळा घारीचा. ओठ मिटतात तिथे आवाजही मिटला पाहिजे, हा त्यांचा वेदमंत्र. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येतच नाहीत. पडद्यावरची बाई "गलती" म्हणेपर्यंत ओठ उघडे आणि "मेरी"च्या म ला मिटलेले. प्रत्येक भाषेत मिटणारं अक्षर तिथेच पडायला हवं, नाहीतर बाई दुसऱ्याच कोणाच्या तोंडाने बोलतेय असं वाटतं.

आमच्याआधी इतर भाषांचं झालं होतं, ते आम्ही बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. गुजरातीवाल्या बाईंनी आधी "भूल मारी हती" म्हटलं. अर्थ चोख, पण सुरुवातीलाच भ, आणि पडद्यावर तोंड उघडं. मग त्यांनीच "वांक मारो हतो" शोधलं आणि ते बसलं. माटुंग्याहून आलेल्या तमिळ बाईंचं "एन् तप्पु दान्" पहिल्याच फेरीत बसलं, मधला प बरोब्बर म च्या जागी. बंगालीचं "दोष आमार छिलो" तर मापून शिवल्यासारखं. नुसतं माप मात्र पुरत नसे. दिग्दर्शक सांगत, रडकं नको, लाचार नको. तापलेल्या मुलाची आई कशी म्हणेल, बरं बाबा, माझंच चुकलं, तसं. गुजराती बाईंनी ते असं काही लाडीगोडीने म्हटलं, की मलाच त्या नवऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मराठीत वाक्य होतं, "चूक माझी होती." चूकचा ऊ थोडा लांबवला की म बरोबर जागेवर येई. पण ताईने पहिल्यांदा म्हटलं आणि काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने हात वर केला.

"शिट्टी वाजतेय," तो म्हणाला. तो परळचा, मराठीच होता.

पुन्हा केलं. पुन्हा शिट्टी. आपला "चूक"मधला च जिभेचं टोक दातांना लावून म्हणायचा. ताईच्या दाताच्या फटीतून वारा सुटे आणि माइकमध्ये सुर्र्र आवाज येई. ध्वनिमुद्रकाने माइक बाजूला वळवला, ताईला एक पाऊल मागे घेतलं, माइकवर रुमाल टाकला. काही उपयोग नाही. मागे गेली की आवाज विहिरीतून आल्यासारखा, पुढे आली की शिट्टी.

दिग्दर्शकांनी विचारलं, "दाँत को क्या हुआ?"

भाऊजी त्या मधाळ आवाजात म्हणाले, "कुएँ पर गिर गयी थी." आणि ताईने मान हलवली.

मी काय करत होते? ओठ चावत होते. रक्ताची चव आली तोंडात, इतके.

मग दिग्दर्शक म्हणाले, शब्द बदला, च नको. भाऊजींनी "दोष माझा होता" दिलं. ष ला आणखी मोठी शिट्टी. "अपराध माझाच" दिलं, तर त्यात प भलतीकडे, आणि कोणती बायको जेवणाच्या ताटावर "अपराध" म्हणते? मी तसं म्हटलंही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा एक डोळा रागात बारीक होई. तो बारीक झाला.

लूप फिरतच होता. ताट, हात, मान. ताट, हात, मान. स्टुडिओची वेळ संपत आली होती आणि आमच्यामागे कोण्या मोठ्या चित्रपटाची मंडळी बाहेर येऊन बसली होती. भाऊजी ताईच्या कानाशी वाकले. मी टेबलापाशी होते, मला नीट ऐकू आलं.

"तुझ्या थोबाडामुळे चार लोकांत माझी शोभा झाली," ते म्हणाले. "घरी चल. उरलेलेही पाडतो."

पडद्यावर रेघ सरकायला लागली होती. लाल दिवा लागला. दिवा लागला म्हणजे श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हा तिथला नियम. रेघ कडेला टेकली. ताट गेलं, हात वर आला, त्या बाईचा चेहरा मोठा झाला. आणि ताईने मान आत घेतली नाही.

ती म्हणाली, "नाही मार खाणार."

शांतपणे म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. दिग्दर्शक दिवसभर ज्या सुराच्या मागे लागले होते, तापलेल्या मुलाला आई समजावते त्या सुरात. त्यात च नव्हता, स नव्हता, श नव्हता, शिट्टी कुठून येणार? "नाही" होईस्तोवर ओठ उघडे, मग "मार"ला मिटले, जिथे मिटायला हवे तिथेच. पडद्यावरची ती परकी बाई जन्मापासून हेच वाक्य बोलत असावी, असं ते तिच्या तोंडात जाऊन बसलं.

लाल दिवा चालू होता. भाऊजी तालमीत वाढलेले, त्यांच्या हाडांना शिस्त होती. त्यांनी आपलं वाक्य टाकलं, "माझं डोकं फुटतंय!" आणि तेही जागच्या जागी बसलं. इतकं खरं ते कुठल्याही नाटकात बोलले नव्हते.

"ओके! फर्स्ट क्लास!" काचेपलीकडून दिग्दर्शकांचा आवाज आला. त्यांना वाटलं, भाऊजींनी कानात सांगितलं ते हेच नवं वाक्य. त्यांनी फीत वाजवून ऐकली, चित्रावर पाहिली आणि म्हणाले, सगळ्या भाषांत हे सगळ्यात छान बसलंय. मग पद्धतीप्रमाणे विचारलं, "मराठी ओके?"

अर्थाची जबाबदारी ज्याच्या त्याच्या भाषांतरकाराची असे. त्याने हो म्हटल्याशिवाय तुकडा पुढे जात नसे. ध्वनिमुद्रक खाली मान घालून बटणं पुसत बसला होता. मराठी कळणारे आम्ही तेवढेच.

भाऊजींना एक शब्द पुरला असता. नाही म्हणायचं. पण नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. माझ्या बायकोने चार लोकांसमोर मला असं सुनावलं, हे त्या परक्या माणसाला हिंदीत समजावून सांगावं लागलं असतं. मग विहिरीची पायरीही उघडी पडली असती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालणारा माणूस, त्याला तो एक शब्द सापडेना.

"ओके," ते म्हणाले.

लाल दिवा विझला. आणि त्यांनी ताईच्या तोंडावर मूठ मारली.

आवाज कसा आला ते सांगत नाही. ताई माइकच्या दांड्यावर आपटली, दांडा आडवा झाला, ती खाली. त्यांनी तिचा अंबाडा धरला आणि डोकं जमिनीवर आपटायला वर उचललं. कोणीतरी ओरडलं, बहुतेक मीच. त्यापुढचं मला विचार करून केल्याचं आठवत नाही. टेबलावरची पितळी थाळी माझ्या दोन्ही हातांत होती आणि ती मी भाऊजींच्या टाळक्यात घातली. कडेने घातली, तळाने नव्हे. मग परत घातली. त्यांच्या हातातले केस सुटले. कपाळावरून रक्त त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं आणि तो धिप्पाड माणूस "आई गं" म्हणत खाली बसला. खर्जबिर्ज कुठल्या कुठे गेला. थाळी माझ्या हातून निसटून फरशीवर गरगरत राहिली, बराच वेळ.

लोक आत आले, ओढाओढ झाली, पाणी आलं. दिग्दर्शक दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता पोलीस बोलावणार. ते ध्वनिमुद्रकाकडे वळून म्हणाले, "थाली का साउंड मिला?"

मिळाला होता. ऐकून झाल्यावर ध्वनिमुद्रकाने पुढच्या तुकड्यासाठी फीत लावली होती, दिवा विझला तरी ती चालूच राहिली होती. सकाळपासून त्यांना ताट आपटल्याचा आवाज मनासारखा मिळत नव्हता. भांडी, संगीत, दार यांचे आवाज सगळ्या भाषांना एकच लागतात, वेगळ्या फितीवर असतात, बदलतात ती फक्त माणसांची वाक्यं. त्यामुळे मद्रासेपासून कलकत्त्यापर्यंत त्या जाहिरातीत जे ताट आपटलं, ते भाऊजींच्या डोक्यावरचं होतं. मला अजूनही याचा आनंद होतो. कोणाला तो वाईट वाटत असेल तर वाटो.

मी ताईला घेऊन थेट वटारला आले. शेजारणीची माझी दोन वाक्यं दुसऱ्या कोणीतरी म्हटली असणार.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ताई माहेरी आली, ओठ फाटलेला, डोळा काळानिळा. तिने ओटीवर बसून बाबांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, लग्न झाल्यापासूनचं. तांब्या, चटके, एकदा पावसात दाराबाहेर काढलेली रात्र. आई खांबाला टेकून पदराने तोंड दाबून रडत होती. बाबा पानाच्या शिरा काढत होते. आमची पानवेलीची आणि केळीची बाग, हात सतत पानांत.

सगळं ऐकून ते म्हणाले, "भांड्याला भांडं लागतंच, पोरी. तुझ्या आयशीलाबी मी दोन लावल्यात. ती गेली काय घर सोडून?"

आईने पदर आणखी घट्ट दाबला.

"दिली ती दिली," बाबा म्हणाले. "जखम सुकली का जा."

जखमा सुकायला वेळ लागला आणि त्या वेळात भाऊजी येत राहिले. एकदा कपाळाला पट्टी बांधून, साडी घेऊन. एकदा त्यांच्या काकांना घेऊन. एकदा कोणी घरी नाही असं पाहून. ताई बागेत पाटाला पाणी लावत होती. त्यांनी तिला केसांना धरून वेलींतून बांधापर्यंत फरफटत नेलं. शेजारच्या वाडीतल्या ख्रिस्ती मावशी विळा घेऊन धावल्या, "सोड तिला, मुडद्या, नायतर हात कापून ठेवीन!" तेव्हा सुटली. तिची पाठ सोलून निघाली होती. बाबांनी मोडलेल्या वेली पाहिल्या आणि विचारलं, "एवढा तमाशा करायची काय गरज होती?" ताईला विचारलं, ते मी समजले. त्या दिवशी मी बाबांच्या ताटाला हात लावला नाही, पाणीसुद्धा दिलं नाही. ताईने दिलं.

शेवटी दिवस ठरला. भाऊजी येणार, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन जाणार. ताईने ट्रंक भरली. मी म्हटलं, "तू गेलीस तर तो तुला मारून टाकील." ती म्हणाली, "माहीत आहे." साड्यांच्या घड्या घालत म्हणाली. हेच तिचं माझ्याशी त्या दिवसातलं सगळं बोलणं.

भाऊजी आले त्याच संध्याकाळी गावात जाहिरातीची गाडी आली. या गाड्या तेव्हा गावोगाव फिरत. मागे जनित्राची धडधड, दोन बांबूंना पांढरा पडदा, आधी चार-पाच जाहिराती आणि मग एखाद्या जुन्या चित्रपटाची रिळं. फुकट. मैदानात सगळा गाव लोटला. पुढे पोरं, मग बाया, लाल लुगड्यांतल्या ख्रिस्ती बायका एका बाजूला पाट मांडून, पुरुष मागे. बाबांनी जावयाला मानाने आपल्या शेजारी बाकावर बसवलं. ताईला मीच ओढून नेलं होतं, घरात त्या ट्रंकेजवळ एकटी बसायला नको म्हणून.

चहाची जाहिरात झाली, साबणाची झाली. मग तो माणूस पडद्यावर घरात आला.

मी ताईचा हात धरला. तो गार होता.

ताट गेलं. तो आवाज मी ओळखला, पण हसू आलं नाही. हात वर आला. बाईचा चेहरा पडदाभर झाला आणि वटारच्या मैदानात, जनित्राच्या धडधडीवरून, ताईचा आवाज आला, "नाही मार खाणार."

मग बायकांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "बरं बोलली गो!" आणि हशा, टाळ्या, शिट्ट्या. पोरांनी गिल्ला केला. पुढे मलम आलं, बाटली आली, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात विळावाल्या मावशी उठून उभ्या राहिल्या. "आवाज वळखला काय रे?" त्या पुरुषांकडे वळून म्हणाल्या. "आपल्या गावातली पोरगी हाय ती." गर्दीची तोंडं एक एक करून मागे फिरली. ताईकडे, मग भाऊजींच्या कपाळावरच्या खुणेकडे.

बाबा उठले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली काठी जावयाच्या खांद्यावर कडकडून बसली. "माझ्या पोरीला मारतोस?" ते किंचाळले. "माझ्या पोरीला?" भाऊजी बाकावरून मागे पडले. मग बाबांनी मोजदाद ठेवली नाही. गुडघ्यावर, पाठीवर, तोंड झाकलेल्या हातांवर. बोटं मोडल्याचा आवाज झाला. गावातल्या दोघा-तिघांनीही हात साफ करून घेतले. तासाभरापूर्वी त्याच माणसाला राम राम घालणारे हेच लोक. भाऊजी चिखलातून रांगत केळींकडे गेले आणि तिथून पळाले. पुन्हा वटारला त्यांचा पाय लागला नाही.

लोक बाबांची पाठ थोपटत होते. बाप असावा तर असा, म्हणत होते. बाबा धापा टाकत ताईपुढे आले. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं, मी नाही म्हणत नाही. काठी त्यांच्या हातातच होती.

"पोरी," ते म्हणाले, "तू एवढं सोसलंस. मला बोलली का नाय?"

मी तोंड उघडलं होतं, पण ताईने माझा हात दाबला. मागे चित्रपट सुरू झाला होता, त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता आणि ती पहिल्यांदाच ओठ न मिटता, फट दिसू देत बोलली.

"ओटीवर बसून सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पानाच्या शिरा काढत होता."

बाबांच्या हातून काठी पडली नाही, तसलं काही झालं नाही. ते तिथेच उभे राहिले. आई मात्र बायकांतून उठून आली, बाबांकडे न बघता त्यांच्या पुढून गेली आणि ताईचा हात धरून घराकडे चालू लागली. बाबांनी तिला हाक मारली. आईने त्यांच्या हाकेला ओ दिली नाही, असं माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच झालं.